पन्नासला पन्नास जुळलं म्हणजे गोळी जुळली असं नाही

पत्र: माझं वय ६१, घर ठाण्यात घोडबंदर रोडला. सध्या लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ आलेय. बीपीसाठी रोज सकाळी मेट एक्सएल ५० ची एक गोळी चालू आहे. मुक्काम वाढला, आता गोळ्या राहिल्यात ९ आणि परतीचं विमान २४ दिवसांनी. जावयांच्या ओळखीच्या एका भारतीय कुटुंबाने त्यांच्याकडचा उरलेला डबा दिला, त्यावर मेटोप्रोलोल ५० लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात टार्ट्राट. इथल्या मेडिकलमध्ये माझी स्ट्रिप दाखवली तर त्या बाईने स्क्रीनवर वेगळंच दाखवलं, मेटोप्रोलोलसुक्सिनाट ४७,५, आणि म्हणाली चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. ५० ला ५० जुळतंय तर घरात आलेला डबाच घ्यावा ना? ४७,५ घ्यावी लागली तर कमी पडेल तेवढा वरून तुकडा घेऊ का? की आहेत त्याच एक दिवसाआड घेऊन निभावू? भाऊ म्हणतो ठाण्याहून कुरियर करतो. काय करू?

उत्तर:

ताई, तो मिळालेला डबा आधी कपाटात वर ठेवून द्या, कारण तोच चुकीचा आहे. मेडिकलवाल्या बाईने जो वेगळा वाटणारा आकडा दाखवला तोच तुमचा. उलटंपालटं वाटतंय ना? मी २६ वर्षं नौपाड्यात काउंटरवर उभा आहे आणि या एका गोळीवरून जेवढा गोंधळ पाहिलाय तेवढा बाकी बीपीच्या गोळ्यांत नाही पाहिला, त्यामुळे जरा सावकाश सांगतो.

तुमच्या उरलेल्या स्ट्रिपची मागची बाजू उजेडात धरा. मोठ्या अक्षरातलं नाव सोडून द्या, ते कंपनीने ठेवलेलं नाव आहे, जर्मनीत ते कुणाला कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. त्याच्या आसपास बारीक इंग्रजीत एक वाक्य असतं, चष्मा लावून नाहीतर मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचा. त्याचा अर्थ असा की या एका गोळीत मेटोप्रोलोल सक्सिनेट ४७.५ मिलिग्रॅम आहे, जे मेटोप्रोलोल टार्ट्रेट ५० मिलिग्रॅमच्या बरोबरीचं आहे. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं जिला पन्नासची गोळी म्हणताय ती मुळात साडेसत्तेचाळीसचीच होती, आपल्याकडे फक्त डब्यावर बरोबरीचा आकडा मोठा छापतात आणि जर्मनीत खरा आकडा मोठा छापतात, एवढाच फरक. आणि तो मधला स्वल्पविराम म्हणजे तिकडचा दशांश चिन्हाचा टिंब. घाईत कुणी ४७५ वाचतं, कुणी नुसतं ४७, तसं करू नका.

आता सक्सिनेट आणि टार्ट्रेट ही काय भानगड, तर तो क्षार आहे. औषधाचा मूळ रेणू, म्हणजे मेटोप्रोलोल, गोळीत एकटा घालत नाहीत, कुठल्यातरी आम्लाबरोबर जोडून घालतात. नारळ घ्या ना. बाजारात दोन नारळ आहेत, एकाची शेंडी आणि साल जाड, एकाची पातळ. वजन केलं तर एक जास्त भरेल एक कमी, पण आतलं खोबरं सारखंच असू शकतं. इथे अगदी तेच झालंय, ५० मिलिग्रॅम टार्ट्रेट फोडलं तर आत मूळ मेटोप्रोलोल साधारण ३९ मिलिग्रॅम आणि ४७.५ मिलिग्रॅम सक्सिनेट फोडलं तरी साधारण ३९ च. त्यामुळे वरून तुकडा घ्यायचा विचार पूर्ण सोडा, काहीही कमी पडत नाहीये, तुकडा घेतलात तर उलट डोस वाढेल.

तुमच्यासारखंच ज्यांचं हे औषध चालू आहे पण ताकद वेगळी, त्यांनीही हे लिहून ठेवा, कारण तिकडे प्रत्येक आकडा असाच बदलतो. आपली २५ ची तिकडे २३,७५ असते, १०० ची ९५ असते आणि २०० ची १९०. हे आकडे दिसले की डबा सक्सिनेटचा आहे हे न वाचताही कळतं, कारण टार्ट्रेटच्या डब्यावर असले विचित्र आकडे येत नाहीत.

मग तुम्ही म्हणाल खोबरं सारखंच ना, मग टार्ट्राटचा डबा घेतला तर बिघडलं कुठे. बिघडतं ते इथे, ती गोळी औषध सोडते कशी यात. तुमच्या गोळीतलं एक्सएल म्हणजे औषध हळूहळू, जवळजवळ चोवीस तास सुटत राहतं. साधी टार्ट्रेट गोळी पोटात गेली की लगेच सगळं मोकळं करते, तास-दीड तासात रक्तात सगळ्यात जास्त असते आणि संध्याकाळपर्यंत बरीचशी उतरलेली असते, म्हणूनच ती बहुतेकांना दिवसातून दोनदा देतात. ठाण्याच्या माणसाला हे पाण्यावरून पटकन कळेल, एक म्हणजे सकाळी तासभर जोरात येणारं पाणी आणि दुसरं म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून दिवसभर बारीक येणारं, महिन्याचे लिटर सारखे असले तरी संध्याकाळी भांडी घासायला कुठलं कामाला येतं ते तुम्हाला माहितीये.

आणि हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये, चूक स्वतः केलेली आहे. या धंद्यात नवा होतो, स्टेशनजवळच्या एका दुकानात नोकरीला होतो, एक आजोबा कात्रीने कापलेली स्ट्रिप घेऊन आले. कापताना नेमका एक्सएल लिहिलेला भाग दुसऱ्या तुकड्याबरोबर गेलेला, राहिलं होतं मेटोप्रोलोल आणि ५०. मी साधी टार्ट्रेट ५० दिली, वर स्वस्त आहे म्हणून कौतुकही करून घेतलं. चार-पाच दिवसांनी आजोबा परत, सकाळी गोळी घेतली की तासाभरात चक्कर आल्यासारखं होतंय आणि रात्री जेवायच्या वेळेला छातीत धडधडतंय. सकाळी सगळं पाणी एकदम आणि रात्री टाकी रिकामी, दुसरं काही नव्हतं. नशीब मोठं काही झालं नाही. त्यांच्या डॉक्टरांचा फोन आला तो मात्र अजून आठवतो.

म्हणून ताई, गोळी जुळवताना तीन गोष्टी जुळायला लागतात, औषधाचं मूळ नाव, त्याच्या पुढचा क्षार आणि औषध सोडायची पद्धत, आणि आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आपण सगळे नेमकं उलटं करतो, आकडा आधी बघतो कारण तो मोठा असतो आणि भाषा कुठलीही असली तरी वाचता येतो.

जर्मन डब्यावर हळू सुटणाऱ्या गोळीला रेटार्ड म्हणतात, डब्यावर रेटार्डटाब्लेटन असा शब्द दिसेल. पण तो एकटा बघून खूश होऊ नका, कारण तिकडे टार्ट्राटच्या पण रेटार्ड गोळ्या मिळतात. सुक्सिनाट आणि रेटार्ड दोन्ही शब्द एकाच डब्यावर हवेत. खात्री करायची असेल तर डब्यातला घडी घातलेला कागद उघडा, युरोपात या कागदांचे सहा भाग ठरलेले असतात आणि सहाव्या भागात गोळीत काय काय आहे ते लिहिलेलं असतं. लेकीला वाचायला सांगा, तिथे वाक्य असेल की एका गोळीत ४७,५ मिलिग्रॅम मेटोप्रोलोलसुक्सिनाट आहे, ५० मिलिग्रॅम मेटोप्रोलोलटार्ट्राटच्या बरोबरीचं. एका हातात तो कागद धरा आणि दुसऱ्या हातात ठाण्याची स्ट्रिप, तेच वाक्य दोन भाषांत. असं वाक्याला वाक्य जुळलं की मग शंका घ्यायला जागा राहत नाही.

लेक किंवा जावई नेटवर शोधणार असतील तर ब्रँडचं नाव टाकू नका, त्यातल्या मेट वरून तर अजिबात अंदाज बांधू नका, कारण आपल्याकडे नावात मेट असलेल्या कितीतरी गोळ्या शुगरच्या मेटफॉर्मिनच्या असतात. शोधायचं तर Metoprololsuccinat असं पूर्ण टाइप करा. अजून एक गंमत, जगभरात औषधांना एक कोड असतो, त्याला एटीसी कोड म्हणतात, मेटोप्रोलोलचा C07AB02. देश कुठलाही असो, भाषा कुठलीही असो, हा कोड बदलत नाही, जपानमध्ये वगैरे जिथे अक्षरच वाचता येत नाही तिथे तर फार उपयोगी. पण तो फक्त मूळ औषधापर्यंत नेतो, सक्सिनेट की टार्ट्रेट, हळू की पटकन, हे त्यातून कळत नाही. तुमच्या घरात आलेल्या डब्याचा कोडही हाच आहे, बघा म्हणजे.

आता एक दिवसाआडचं. हे करू नका, आणि हे मी जरा आवाज चढवून सांगतोय असं समजा. बाकी काही गोळ्या एखाद दिवस चुकल्या तर फारसं कळत नाही, पण मेटोप्रोलोल हे बीटा ब्लॉकर आहे. हृदयावर ब्रेक धरून ठेवलेला असतो त्याने, आणि शरीराला त्याची सवय झालेली असते, तो एकदम सोडला की नाडी आणि बीपी आधीपेक्षा वर उसळू शकतं, आणि ज्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास आहे त्यांना छातीत दुखण्यापर्यंत जाऊ शकतं. एक दिवसाआड म्हणजे तुम्ही तो ब्रेक रोज लावताय आणि सोडताय. अर्धी अर्धी करून पुरवायचा विचारही मनात आला असेल, आपल्या बायकांना पुरवून वापरायची सवयच असते, पण तो डोस अर्धा करणं झालं आणि तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. गोळी चावायची किंवा कुटायची तर नाहीच, हळू सुटायची जी काही सोय केलेली असते ती सगळी त्यात मोडते.

कुरियर पण विसरा. जर्मनीत येताना आपल्या बॅगेत आपल्यापुरती औषधं आणायला परवानगी आहे, पण युरोपियन युनियनच्या बाहेरून खाजगी माणसाने पोस्टाने किंवा कुरियरने औषधं मागवायला साधारणपणे बंदी आहे. पार्सल कस्टममध्ये अडकेल, भाऊ ठाण्यात ट्रॅकिंग नंबर बघत बसेल आणि इकडे तुमच्या ९ गोळ्या संपतील.

मग राहतो सरळ रस्ता, ज्याला तुम्ही पत्रात हातच लावला नाहीये. तिकडच्या डॉक्टरकडे जायचं. मला वाटतं तुमच्या मनात कुठेतरी आहे की परदेशात डॉक्टर म्हणजे खूप खर्च आणि खूप कटकट, आणि लेक ओली बाळंतीण असताना आपली ब्याद कशाला, म्हणून हे सगळे जुगाड चाललेत. चुकत असेन तर सोडून द्या. पण मेडिकलवाली बाई अडवत नव्हती, मेटोप्रोलोल तिकडे चिठ्ठीशिवाय देताच येत नाही, आणि आपल्या भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथे चालत नाही, युरोपियन युनियनमधली असती तर चालली असती. आपल्याकडे पण या गोळ्या चिठ्ठीवरच द्यायच्या असतात बरं का, स्ट्रिपवर ती लाल रेघ त्यासाठीच असते, आपण ओळखीवर देतो-घेतो ती गोष्ट वेगळी.

लेकीचा किंवा जावयांचा घराजवळचा जो फॅमिली डॉक्टर असेल, तिकडे हाउसआर्ट्झ्ट म्हणतात, तिथे उद्याच फोन करायला सांगा. शेवटच्या गोळीपर्यंत थांबू नका, कारण अपॉइंटमेंट मिळायला दिवस जातात, मध्ये शनिवार-रविवार येतो आणि रविवारी तिथली मेडिकल बंद असतात, पाळीची तेवढी एखादी उघडी. फोनवर हे सांगायचं की सासूबाई भारतातून आल्यात, स्वतः पैसे भरणार आहेत, आधीपासून चालू असलेलं बीपीचं औषध संपतंय. खूप तपासण्या करून घ्यायच्या नसून चालू औषध पुढे चालू ठेवायचंय, हे आधीच सांगितलं तर काम छोटं होतं. ते तुम्हाला खाजगी चिठ्ठी देतील, बहुतेक निळ्या कागदावर, आणि ती घेऊन परत त्याच बाईकडे जायचं. पैसे तपासणीचे लागतील, ही गोळी स्वतः काही महाग औषधांतली नाही. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सवर फार भरवसा ठेवू नका, जुन्या दुखण्याची नेहमीची औषधं बऱ्याच पॉलिसीत बसत नाहीत, तरी पावती ठेवा.

किती घ्यायच्या? ९ गोळ्या गेल्या की १५ दिवस राहतात, म्हणजे सगळ्यात छोटं पाकीट मागा, ३० चं मिळतं. नाही सांगितलं तर तिकडे नेहमीच्या औषधाचा १०० गोळ्यांचा डबा द्यायची पद्धत आहे, मग तो घेऊन तुम्ही ठाण्याला येणार.

डॉक्टरकडे जाताना एक कागद न्या, आजच भावाला सांगा की तुमच्या ठाण्याच्या डॉक्टरांकडून व्हॉट्सअॅपवर मागवून घे. त्यावर ब्रँड नको किंवा असला तरी शेवटी. कागद असा हवा: मेटोप्रोलोल सक्सिनेट, हळू सुटणारी गोळी, ४७.५ मिलिग्रॅम म्हणजे टार्ट्रेट ५० च्या बरोबर, रोज सकाळी एक, कधीपासून चालू आणि कशासाठी. यातलं ‘कशासाठी’ फार महत्त्वाचं आहे, कारण हीच गोळी कुणाला बीपीसाठी असते, कुणाला अँजायनासाठी, कुणाला हृदय कमजोर झालंय म्हणून, आणि तिकडच्या डॉक्टरला ते माहीत नसेल तर तो तपासण्या काढणारच. दमा असेल तर तेही लिहा, बीटा ब्लॉकर देताना ते विचारतातच.

आणि स्ट्रिप नीट बघा की नावापुढे एक्सएल नंतर अजून काही अक्षरं नाहीत ना. एएम असेल तर त्यात अम्लोडिपीन पण आहे, म्हणजे एका गोळीत दोन औषधं, आणि तिकडे त्यांची बहुधा दोन वेगळी पाकिटं घ्यावी लागतील. आमच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी येतं, तोंडी फक्त मेट एक्सएल म्हणतं आणि स्ट्रिपवर एएम निघतं.

हा आकड्यांचा खेळ प्रत्येक औषधात नसतो, हेही सांगून ठेवतो, नाहीतर सगळे वाचक घाबरून बसायचे. साधं अम्लोडिपीन ५ घ्या, तेही बेसिलेट नावाच्या क्षारात असतं पण दोन्ही देशांत डब्यावर आतल्या खोबऱ्याचंच वजन लिहितात, त्यामुळे इथली ५ तिथेही ५. टेल्मिसार्टन ४० पण तिथे ४० च. मेटोप्रोलोलमध्ये मात्र ही पंचाईत आहे.

नवीन डबा चालू कराल तेव्हा ठाण्याची गोळी ज्या वेळेला घेत होतात त्याच वेळेला घ्या, मधे दिवस सोडू नका आणि एकाच दिवशी दोन्ही नका. पहिले चार-पाच दिवस सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री जेवायच्या आधी बीपी आणि नाडी मोजून वहीत लिहा, जावयांकडे मशीन नसेल तर घ्यायला लावा, बाळाच्या घरात नाहीतरी असू दे. आकडे ठाण्यातल्यासारखेच राहायला हवेत. नाडी ५० च्या खाली जायला लागली, उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी आली किंवा संध्याकाळी धडधड व्हायला लागली तर डबा परत तपासा आणि डॉक्टरला फोन करा. दवाखाना बंद असेल तेव्हासाठी तिकडे ११६११७ नंबर असतो, छातीत दुखलं किंवा श्वास लागला तर मात्र सरळ ११२.

परत आल्यावर ३० च्या पाकिटातल्या १५ गोळ्या उरतील, आणि गडबड तिथे होते. तुम्ही जेटलॅगमध्ये, घरी कुणीतरी प्रेमाने नवी मेट एक्सएलची स्ट्रिप आणून गोळ्यांच्या डबीत भरून ठेवलेली, आणि पर्समध्ये जर्मन पाकीट, दोन वेगळी नावं, दोन वेगळे आकडे, म्हणून दोन वेगळी औषधं वाटून दोन्ही घेतली जातात. विमानात बसायच्या आधीच जर्मन पाकिटावर मार्करने मराठीत मोठं लिहा, मेट एक्सएल ५० हीच. आधी ते पाकीट संपवा, मग डबी भरा.